पत्ता वाचायचं काम कुणाचं?

३१ ऑक्टोबर २०२५ ही तारीख डोंबिवली-कल्याणमधल्या फार थोड्या खातेदारांच्या लक्षात असेल. देशातल्या सगळ्या बँकांनी आपली संकेतस्थळं `.bank.in` या नव्या नावाखाली हलवावीत, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं होतं आणि त्याची मुदत त्या दिवशी संपत होती. गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी फेब्रुवारी २०२५च्या पतधोरणासोबत ही घोषणा केली, एप्रिलमध्ये परिपत्रक निघालं आणि राष्ट्रीयीकृत बँकांपासून आपल्याकडच्या नागरी सहकारी बँकांपर्यंत सर्वांना ते लागू झालं. `.com` किंवा `.co.in`ने संपणारं एखादं नाव थोडे पैसे भरून कुणालाही घेता येतं. `.bank.in`ने संपणारं नाव मात्र फक्त बँकेलाच मिळतं, आणि ते देण्याचं काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडे आहे.

उपाय योग्य आहे. फक्त तो एका गोष्टीवर उभा आहे: खातेदार पत्ता वाचेल. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये एक हात वरच्या कडीला, दुसऱ्या हातात मोबाइल, खांद्यावर कुणाची तरी बॅग, आणि अशात आलेला ‘तुमचं खातं आज बंद होणार’ असा मेसेज. त्यातली लिंक उघडल्यावर वरच्या अरुंद पट्टीत पत्त्याचा जेमतेम एक तुकडा दिसतो. तो शेवटपर्यंत तपासणारा माणूस विरळाच. हा निष्काळजीपणा नव्हे. माणसाचा डोळा ओळखीचं चित्र शोधतो, बँकेचं बोधचिन्ह आणि नेहमीचा रंग दिसला की पुढे जातो. एकेक अक्षर पडताळून पाहणं हे यंत्राचं काम आहे, आणि पासवर्डच्या सगळ्या व्यवस्थेत ते आपण माणसावर टाकलेलं आहे.

हेच ओझं पासवर्डची जागा घेणारी पासकी उतरवते. पासकी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर अंगठा किंवा चेहरा येतो. खरा बदल तिथे नाही. पत्ता वाचायचं काम माणसाकडून काढून ब्राउझरकडे सोपवलं जातं, हा खरा बदल आहे. तो कसा होतो हे एका लॉगिनमध्ये नीट शिरून पाहू.

समजा एका बँकेचा पत्ता `udaharan.bank.in` असा आहे आणि चोरट्याने `udaharan-bank-in.com` हे नाव विकत घेतलं आहे. दोन्ही पत्ते मी इथे समजावण्यासाठी रचले आहेत. दुसऱ्या पत्त्यात सगळे शब्द तेच आहेत, फक्त टिंबांच्या जागी आडव्या रेघा आल्या आणि खरं नाव `.com`पाशी संपलं. चोरट्याने खऱ्या पानाची नक्कल केलेली नाही. त्याने मधे एक आरसा ठेवला आहे: खातेदार त्याच्या पानावर जे लिहील ते त्याच क्षणी खऱ्या बँकेकडे जातं, आणि बँक जे दाखवेल ते खातेदाराला दिसतं. हे काम आयतं करणारी साधनं २०१७पासून उघडपणे मिळतात. एव्हिलजिंक्स हे त्यातलं सर्वांत गाजलेलं नाव.

खातेदार नाव आणि पासवर्ड लिहितो. ते खऱ्या बँकेकडे पोचतात. बँक म्हणते, ओटीपी टाका. ओटीपी खरोखरच बँकेकडूनच येतो, खातेदाराच्याच मोबाइलवर येतो, त्यामुळे शंकेला जागाच उरत नाही. तोही तो त्याच पानावर टाकतो आणि पुढच्या सेकंदाला लॉगिन झालेलं सत्र चोरट्याच्या हातात असतं. ओटीपी काही मिनिटांत कालबाह्य होतो म्हणून तो सुरक्षित, अशी आपली समजूत असते. इथे चोरट्याला मिनिटं लागतच नाहीत. पासवर्ड काय आणि ओटीपी काय, दोन्ही शेवटी माणसाला वाचता येणारी आणि कुठेही लिहिता येणारी अक्षरं आहेत. जी कुठेही लिहिता येतात, ती चुकीच्या जागीही लिहिली जातात.

आता त्याच बँकेने पासकी दिली आहे असं धरू. खातेदाराने पहिल्यांदा पासकी तयार केली, तेव्हा त्याच्या मोबाइलने दोन किल्ल्यांची एक जोडी बनवली. खासगी किल्ली खातेदाराकडेच राहिली, सार्वजनिक किल्ली बँकेकडे गेली. दोन्हींमधलं गणिती नातं असं, की खासगी किल्लीने केलेली सही सार्वजनिक किल्लीने तपासता येते, पण सार्वजनिक किल्ली हातात असली तरी सही करता येत नाही. बँकेत खातं उघडताना आपण नमुना सही देतो, तसंच हे. फरक एवढाच की या नमुन्यावरून गिरवून खोटी सही करणं शक्य नाही. या जोडीबरोबर मोबाइलने आणखी एक नोंद ठेवली, आणि सगळं मर्म त्या नोंदीत आहे: ही किल्ली `udaharan.bank.in` या नावासाठी आहे, दुसऱ्या कुठल्याही नावासाठी नाही.

पुढच्या खेपेला लॉगिन करताना बँकेचा सर्व्हर एक यादृच्छिक आकडा पाठवतो. तो निदान १६ बाइटचा असावा अशी अपेक्षा असते, म्हणजे तो आधी ओळखणं अशक्य. दर वेळी तो नवा असतो. त्यामुळे कालची सही आज पुन्हा वापरता येत नाही. ब्राउझर हा आकडा घेतो आणि त्याबरोबर एक छोटी चिठ्ठी तयार करतो:

```json
{
  "type": "webauthn.get",
  "challenge": "q7ZkP0xVt3mB1nYw8sLrEg",
  "origin": "https://udaharan.bank.in",
  "crossOrigin": false
}
```

चौथी ओळ पाहा. `origin`समोरचा पत्ता खातेदाराने लिहिलेला नाही, पानावरच्या कोडनेही नाही. ब्राउझर त्या क्षणी ज्या पत्त्याशी प्रत्यक्ष जोडलेला आहे, तो त्याने स्वतः तिथे भरला आहे. मग मोबाइल अंगठा मागतो, खासगी किल्ली उघडते आणि सही होते. ती सही या चिठ्ठीवरून गणिताने काढलेल्या ठशावर, म्हणजे हॅशवर असते, आणि सोबतीने मोबाइलने जोडलेल्या माहितीवरही, ज्याच्या पहिल्या ३२ बाइटमध्ये त्याच नावाचा ठसा असतो. बँक सही तपासते, आकडा आपणच पाठवलेला आहे ना ते पाहते, पत्ता आपलाच आहे ना ते पाहते, आणि दार उघडते.

आता चोरट्याचं पान घ्या. त्याने खऱ्या बँकेकडून तो आकडा मिळवला आणि आपल्या पानावरून खातेदाराच्या ब्राउझरला सांगितलं, ‘`udaharan.bank.in`च्या किल्लीने यावर सही कर.’ ब्राउझर तिथेच नकार देतो, कारण `udaharan-bank-in.com`वरच्या पानाला दुसऱ्याच्या नावाची किल्ली मागायचा अधिकार नाही. मग चोरट्याने स्वतःच्या नावाची किल्ली मागितली तर? मोबाइलमध्ये त्या नावाची किल्लीच नाही. खातेदार कितीही घाईत असला, कितीही फसला असला, अगदी मनापासून लॉगिन करायला निघाला असला, तरी त्याला चोरट्याला देता येईल असं त्याच्याजवळ काहीच नाही. आणि कशीतरी एखादी सही झालीच, तरी चिठ्ठीत पत्ता खोटा असेल आणि बँकेचा सर्व्हर ती परत पाठवेल. पत्ता बदलून टाकावा म्हटलं, तर सहीच मोडते.

ही सगळी देवाणघेवाण ज्या नियमांनी होते त्याचं नाव वेबऑथन. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने ४ मार्च २०१९ रोजी त्याला अधिकृत मानक म्हणून मान्यता दिली. त्याआधी काही वर्षं फिडो अलायन्स या गटात हीच कल्पना यूएसबीच्या छोट्या किल्ल्यांवर चालू होती. मे २०२२मध्ये अॅपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून जाहीर केलं की हीच किल्ली आता मोबाइलमध्ये राहील आणि माणसाच्या एका उपकरणातून दुसऱ्यात जाईल. पासकी हे नाव तिथून घरोघरी पोचलं.

कागदावरचं हे म्हणणं प्रत्यक्षात कसं टिकलं, याची एक चांगली नोंद ऑगस्ट २०२२मध्ये क्लाउडफ्लेअर या कंपनीने स्वतःच प्रसिद्ध केली. २० जुलैला तिच्या निदान ७६ कर्मचाऱ्यांना एका मिनिटाच्या आत एसएमएस गेले. लिंक होती `cloudflare-okta.com`. कंपनी लॉगिनसाठी खरोखरच ऑक्टा वापरत होती, त्यामुळे नाव अगदी बेमालूम होतं, आणि ते हल्ल्याच्या जेमतेम ४० मिनिटं आधी विकत घेतलेलं होतं. म्हणजे संशयास्पद पत्त्यांच्या कुठल्याही यादीत ते असणं शक्य नव्हतं. इंटरनेटच्या सुरक्षेवर पोट असलेल्या या कंपनीतल्या तीन जणांनी त्या पानावर आपला पासवर्ड लिहिला. पासवर्ड तत्क्षणी हल्लेखोरांकडे गेला. पण पुढच्या पायरीला तिथे ओटीपी नव्हता, प्रत्येकाकडे पत्त्याला बांधलेली फिडोची किल्ली होती. हल्लेखोर दाराबाहेरच राहिले. त्याच सुमारास तशाच हल्ल्यात ट्विलिओ ही कंपनी मात्र फसली आणि तिच्या ग्राहकांची माहिती बाहेर गेली. दोन्हीकडची माणसं सारखीच हुशार आणि सारखीच चुकणारी होती.

फिशिंग हा पासवर्डचा एक रोग. दुसरा त्याहून गुपचूप पसरतो, आणि त्याचं उदाहरण आपल्या मोबाइलमध्ये रोज उघडल्या जाणाऱ्या अॅपचं आहे. मे २०१७मध्ये झोमॅटोच्या सुमारे १ कोटी ७० लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली. पुढे कंपनीने ते कसं घडलं हे सांगितलं. नोव्हेंबर २०१५मध्ये ०००वेबहोस्ट नावाच्या, झोमॅटोशी काहीही संबंध नसलेल्या एका सेवेतून पासवर्ड बाहेर पडले होते, तेही कुलूपबंद न करता जसेच्या तसे ठेवलेले. त्या यादीत झोमॅटोच्या एका डेव्हलपरचं खासगी खातं होतं. त्याने तोच ईमेल आणि तोच पासवर्ड गिटहबवरही वापरला होता, जिथे कंपनीचा कोड होता. चोरट्याने कोड वाचला, त्यात एक कच्चा दुवा सापडला, आणि तिथून तो आत शिरला. दीड वर्षापूर्वी दुसऱ्याच्या घरात झालेल्या चोरीने हे घर फुटलं.

‘प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड ठेवा’ हा सल्ला आपण वर्षानुवर्षं ऐकतो, आणि वर्षानुवर्षं मोडतो. वीजबिल, रेल्वेचं तिकीट, मालमत्ता कर, मुलांच्या शाळेचं अॅप, दोन बँका, एक डीमॅट. एवढे निरनिराळे पासवर्ड डोक्यात ठेवणं सामान्य माणसाला शक्यच नाही. पासकीत हा सल्ला द्यावाच लागत नाही, कारण प्रत्येक नावासाठी नवी जोडी बनवणं हा नियमच आहे आणि एकीचा दुसरीशी काही संबंध नसतो. शिवाय संकेतस्थळाकडे असते ती फक्त सार्वजनिक किल्ली. उद्या त्या सर्व्हरमधली सगळी माहिती चोरीला गेली, तर तुमचं नाव आणि फोन नंबर जातील, ते नुकसान खरंच होईल. पण त्या किल्लीने चोरट्याला तिथेही लॉगिन करता येणार नाही आणि दुसरीकडेही. सर्व्हरवरचे पासवर्डचे असे गणिती ठसे चोरले तर घरी बसून कोट्यवधी अंदाज लावून त्यातले सोपे पासवर्ड हुडकता येतात. सार्वजनिक किल्लीवरून खासगी किल्ली अशी हुडकता येत नाही.

अंगठ्याबद्दल आपल्याकडे एक शंका हमखास निघते आणि ती रास्त आहे. रेशन दुकानात किंवा पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी आधारचा अंगठा देताना ठसा यंत्रातून निघून यूआयडीएआयकडे जातो आणि तिथे ठेवलेल्या ठशाशी जुळवला जातो. आधारच्या ठशांची नक्कल करून पैसे काढल्याच्या बातम्याही लोकांनी वाचल्या आहेत. मग प्रत्येक संकेतस्थळाला अंगठा कशाला द्यायचा? उत्तर असं की पासकीत तो कुणालाच दिला जात नाही. ठसा मोबाइलमध्येच जुळतो, मोबाइल फक्त आतली किल्ली उघडतो. बँकेला कळतं ते एवढंच की मोबाइलने माणसाची खात्री करून घेतली. ती बोटाने केली, चेहऱ्याने केली की स्क्रीनच्या पिनने, हेही तिला कळत नाही.

याचीच दुसरी बाजू घरात दिसते. वडिलांच्या मोबाइलमध्ये सोयीसाठी मुलाने, सुनेने, नातवाने आपलं बोट नोंदवलेलं असतं. त्या मोबाइलमधल्या पासकींना ही सगळी बोटं सारखीच चालतात. ज्या मोबाइलमध्ये बँकेची पासकी आहे, त्यात कुणाकुणाची बोटं नोंदवली आहेत हे एकदा सेटिंग्जमध्ये जाऊन पाहायला हवं.

ऑफिसातल्या संगणकावर लॉगिन करायचं आणि पासकी खिशातल्या मोबाइलमध्ये, अशी वेळ रोज येते. तेव्हा संगणक क्यूआर कोड दाखवतो, मोबाइलने तो स्कॅन करायचा, अंगठा द्यायचा. यात चोरट्याला संधी दिसेल: आपल्या संगणकावरचा कोड खातेदाराला व्हॉट्सअॅपवर पाठवायचा आणि स्कॅन करायला लावायचा. म्हणूनच या पद्धतीत ब्लूटूथ आवश्यक ठेवलं आहे. पासकी ज्यात आहे तो मोबाइल आणि जिथे लॉगिन होणार तो संगणक एकमेकांच्या जवळ असल्याशिवाय काम पुढे जात नाही. बाहेरगावी बसलेल्या माणसाला आपलं ब्लूटूथ डोंबिवलीपर्यंत पोचवता येत नाही.

पत्त्याला बांधलेलं असण्याची किंमतही आहे, आणि `.bank.in`मुळे ती नेमकी दिसते. एखाद्या बँकेने आधी `.co.in`ने संपणाऱ्या नावावर पासकी दिल्या असतील आणि मग ती नव्या नावावर गेली, तर जुन्या पासकी नव्या पत्त्यावर चालणार नाहीत. बँक तीच, खातेदार तोच. ब्राउझरसाठी नाव वेगळं म्हणजे जागा वेगळी. यावर उतारा आहे. जुन्या नावाच्या सर्व्हरवर `/.well-known/webauthn` या ठिकाणी एक छोटी यादी ठेवायची, ज्यात ‘हा नवा पत्ताही आमचाच’ असं लिहिलेलं असतं. ब्राउझर ती यादी स्वतः वाचतो आणि मग जुनी किल्ली नव्या पत्त्यावर चालू देतो. पण त्यासाठी जुनं नाव बँकेने आपल्याकडे राखून ठेवलं पाहिजे, आणि सगळे ब्राउझर ही सोय ओळखत नाहीत. खातेदाराला नवी पासकी बनवायला लावणं हाच सरळ मार्ग.

यापेक्षा मोठी फट मात्र बहुतेक सेवा स्वतःच ठेवतात. पासकी दिली तरी ‘दुसऱ्या मार्गाने लॉगिन करा’ हे बटण तिथेच असतं, आणि त्यामागे तोच जुना पासवर्ड आणि तोच ओटीपी. चोरटा पासकीशी झुंजत बसणार नाही. त्याच्या पानावर लिहिलेलं असेल, ‘पासकी सध्या उपलब्ध नाही, पासवर्ड टाका.’ ज्या खात्यात तुम्ही नेहमी अंगठ्याने जाता, ते एखाद्या दिवशी लिंक उघडल्यावर अचानक पासवर्ड मागू लागलं, तर तीच खूण समजा. मोबाइलने पासकी पुढे केली नाही, कारण त्या पत्त्याची पासकी त्याच्याकडे नाही. पान बंद करायचं आणि पत्ता स्वतः टाइप करून किंवा अॅप उघडून जायचं. ज्या सेवा पासवर्ड पूर्ण काढून टाकू देतात, तिथे तो काढून टाकावा असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि काही फसवणुकींना पासकीचं काही घेणंदेणंच नाही. ‘रात्री साडेनऊला वीज कापली जाईल’ असा मेसेज पाठवून स्क्रीन पाहू देणारं अॅप टाकायला लावणारा, चलनाच्या नावाखाली एपीके फाइल पाठवणारा, व्हिडिओ कॉलवर पोलिसाचा गणवेश घालून ‘डिजिटल अरेस्ट’ची धमकी देणारा, हे सगळे तुमच्याकडूनच तुमच्या हाताने पैसे पाठवून घेतात किंवा मोबाइलच ताब्यात घेतात. पासकी लॉगिन करणारा माणूस ओळखते. तो कुणाच्या दबावाखाली आहे हे तिला कळत नाही.

उरली चोरी, आणि लोकलने जाणाऱ्यांसाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. दारात उभ्या असलेल्या प्रवाशाच्या हातावर काठी मारून मोबाइल पाडणाऱ्या फटका गँगबद्दल इथे कुणाला सांगावं लागत नाही. नुसता बंद स्क्रीनचा मोबाइल गेला, तर पासकी सहसा सुरक्षित राहतात, कारण किल्ली उघडायला बोट, चेहरा किंवा पिन लागतो. धोका आहे तो पिनचा. गर्दीत खांद्यावरून पिन पाहून मग मोबाइल पळवला, तर चोरट्याच्या हाती मोबाइलबरोबर त्यातल्या पासकीही लागतात. याच पद्धतीच्या चोऱ्या अमेरिकेत वाढल्यावर अॅपलने जानेवारी २०२४मध्ये आयओएस १७.३मध्ये एक संरक्षण आणलं: घर किंवा ऑफिससारख्या ओळखीच्या जागेबाहेर साठवलेले पासवर्ड आणि पासकी वापरायला चेहरा किंवा बोटच लागतं, पिन चालत नाही. ते सेटिंग्जमध्ये चालू आहे ना हे पाहून घ्यावं. अँड्रॉइडवरही चोरीपासून संरक्षणाच्या सोयी आता आल्या आहेत. चार आकड्यांऐवजी सहा किंवा त्याहून जास्त आकड्यांचा पिन ठेवणं आणि गाडीत तो शक्यतो न टाकता बोटानेच मोबाइल उघडणं, हे तर आजच करता येतं.

मोबाइल गेलाच तर पासकीही कायमच्या गेल्या असं नाही. आयफोनच्या पासकी आयक्लाउड कीचेनमध्ये आणि अँड्रॉइडच्या साधारणपणे गूगल पासवर्ड मॅनेजरमध्ये कुलूपबंद करून ठेवलेल्या असतात, त्यामुळे नव्या मोबाइलवर त्याच खात्याने आत गेल्यावर त्या परत येतात. पण आत जायलाच जर हरवलेला मोबाइल लागणार असेल, तर माणूस अडकतो. म्हणून महत्त्वाच्या खात्यासाठी एक पासकी घरच्या लॅपटॉपवर किंवा वेगळ्या यूएसबी किल्लीवरही करून ठेवावी. गूगल खात्यात `myaccount.google.com`वर जाऊन सुरक्षेच्या पानावर पासकींची यादी दिसते. कुठली कधी बनवली हे तिथे लिहिलेलं असतं, आणि हरवलेल्या मोबाइलची नोंद घरच्या लॅपटॉपवरून तिथेच काढून टाकता येते. मोबाइल दूरून लॉक करणं, सिम बंद करणं आणि बँकेला कळवणं ही कामं मात्र त्याच्याही आधीची.